'ली' लावू की नको?

आमच्या वेळी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. गिरगावातल्या चाळींतून येणारी आम्ही मुलं मराठीत विचार करून इंग्रजीत लिहायचो. 'छान मुलगी' आणि 'छान गाते' यांत 'छान' बदलत नाही, मग इंग्रजीत तरी का बदलावं? त्यामुळे वह्यांत 'शी सिंग्ज ब्यूटिफुल' आणि 'प्लीज स्पीक स्लो' हमखास सापडायचं.

इंग्रजीच्या बाई चुकीच्या शब्दाभोवती गोल करून विचारायच्या, "हा कुणाला चिकटलाय?" नामाला चिकटला तर विशेषण, क्रियापदाला चिकटला तर क्रियाविशेषण. ती कशी गाते हे सांगायचंय, म्हणून 'ब्यूटिफुली'. हे आम्हाला इतकं पटलं की पुढच्या निबंधात जिथे तिथे 'ली' उगवला. 'द मँगो टेस्ट्स स्वीटली'! माझ्या मते ही चूक पहिलीपेक्षा हट्टी, कारण ती नियम शिकल्यामुळेच होते.

बाईंनी मग फळ्यावर दोन वाक्यं लिहिली: 'शी लुक्ड अँग्री' आणि 'शी लुक्ड अँग्रिली ॲट मी'. म्हणाल्या, 'लुक्ड'च्या जागी 'वॉज' घालून बघा. पहिलं वाक्य टिकतं, म्हणजे शब्द 'शी'बद्दल सांगतोय, तिथे विशेषणच हवं. दुसरं मोडतं, कारण तिथे ती खरोखर डोळे वटारून बघतेय. टेस्ट, स्मेल, फील, साउंड यांनाही हीच कसोटी. आंब्याला 'इज' लावलं आणि 'स्वीटली' आपोआप गळून पडलं.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मग रस्त्यावरच्या पाटीवर 'गो स्लो' कसं?" बाई म्हणाल्या, पाटी बरोबर आहे. 'फास्ट'सारख्या क्रियाविशेषणांना जुन्या इंग्रजीत शेवटी एक 'ई' असे, तो झिजला आणि रूप विशेषणासारखंच उरलं. 'स्लो'ही कित्येक शतकं तसाच वापरात आहे. पण तो क्रियापदानंतरच बसतो. 'ड्राइव्ह स्लो' चालेल, 'ही स्लो ओपन्ड द डोअर' नाही, तिथे 'स्लोली'च. आणि परीक्षेत, अर्जात 'स्पीक स्लोली'च लिहा, म्हणजे कुणी बोट ठेवणार नाही.

'रिअल गुड' मात्र शाळेत कधी भेटलं नव्हतं. ते आता ऑफिसात, नव्या मुलांच्या मेलमध्ये भेटतं. अमेरिकन बोलण्यात ते सर्रास ऐकू येतं, पण अहवालात खटकतं. परवा एकाने लिहिलं, 'द टीम डिड रिअल गुड'. मी दोन्ही शब्दांभोवती गोल केले. 'गुड' चिकटलाय 'डिड'ला, म्हणून 'वेल'. 'रिअल' त्यावर जोर देतोय, म्हणून 'रिअली'. त्याच मेलमध्ये खाली 'द लंच वॉज रिअल गुड' होतं. तिथे फक्त 'रिअल' बदलला, 'गुड'ला हात लावला नाही.