काकूंचं दूध काही केल्या फेसाळेना

पुण्यात कॅफेमध्ये नव्याने लागलेल्या मुलांना कॉफी शिकवणं हे माझं काम. आठवड्याच्या शेवटी मात्र मी घरी कॉफी करणाऱ्यांचा वर्ग घेते आणि त्या वर्गात वाफेचं यंत्र मुद्दामच ठेवत नाही. एक फ्रेंच प्रेस, घट्ट झाकणाची काचेची बरणी, ताकाची रवी आणि एक शेगडी, एवढंच सामान. दूध ज्याने त्याने आपल्या घरचं आणायचं, कारण घरी जाऊन तेच वापरायचं असतं.

त्या दिवशी टेबलावर पिशवीतलं टोन्ड, डबल टोन्ड आणि फुल क्रीम दूध होतं, एका मुलीने ओटचं आणलं होतं आणि एका काकूंकडे स्टीलच्या बरणीत गाईचं दूध होतं. गोठ्यावरून रोज येणारं, सकाळी उकळून गार केलेलं. वर पिवळसर साय. काकूंना खात्री होती की या पिशव्यांच्या रांगेत त्यांचंच दूध पहिलं येणार.

पद्धत प्रेसची ठेवली, कारण घरी सगळ्यात भरवशाची तीच. दूध 60 ते 65 अंशांपर्यंत तापवायचं. थर्मामीटर नसेल तर पातेल्याला हात लावून क्षण-दोन क्षणांत काढून घ्यावासा वाटला की गॅस बंद. प्रेस एक तृतीयांशच भरायचा, वरची जागा फेसाची. मग जाळीचा दांडा दुधाच्या पृष्ठभागाच्या जरा वर आणि जरा खाली असा भराभर पंधरा-वीस सेकंद हलवायचा, म्हणजे हवा आत जाते. त्यानंतर जाळी दुधातच ठेवून थोडा वेळ हलवायचा, म्हणजे मोठे बुडबुडे बारीक होतात. शेवटी भांडं ओट्यावर दोनदा आपटून गोल फिरवायचं. फेस जमला असेल तर बुडबुडे वेगळे दिसत नाहीत आणि दूध ओल्या रंगासारखं चकाकतं.

डबल टोन्ड जवळजवळ दुप्पट फुगलं. पहिल्यांदा पाहणाऱ्यांना याचं नवल वाटतं, पण फेस उभा राहतो तो प्रथिनांवर, स्निग्धांशावर नाही. प्रथिनं हवेच्या बुडबुड्याभोवती पापुद्रा धरतात. डबल टोन्डमध्ये स्निग्धांश 1.5 टक्के, तर फुल क्रीममध्ये 6 टक्के. त्यामुळे फुल क्रीम कमी फुगलं, पण जो फेस आला तो जिभेवर कितीतरी मऊ लागला. डबल टोन्डचा फेस उंच, पण कोरडा. माझं मत विचाराल तर रोजच्या कॉफीला 3 टक्क्यांचं टोन्डच घ्यावं. ओटच्या दुधात प्रथिनं मुळात कमी, तरी ते बरं वागलं, कारण ते कॅफेसाठी तेल आणि क्षार घालून मुद्दाम बनवलेलं होतं. घरी वाटलेल्या बदामाच्या दुधाकडून ही अपेक्षा ठेवू नये.

मग काकूंचं दूध. दांडा हलवताना फेस आला, अगदी भरभरून आला, आणि दांडा थांबवला तशी चरचर ऐकू यायला लागली. पेल्यात ओतेपर्यंत साबणाच्या पाण्यासारखे मोठाले बुडबुडे झाले आणि ते फुटत खाली बसले.

"अगं, तुझ्या प्रेसला साबण राहिला असेल," काकू म्हणाल्या. शंका रास्त होती. साबणाचा अंशही फेस मोडतो. प्रेस कढत पाण्याने दोनदा खळबळला आणि त्यातच टोन्ड फेसाळून पाहिलं. छान जमलं. म्हणजे भांडं निर्दोष.

दुसरा संशय सायीवर. सायीचा सुटा स्निग्धांश पापुद्र्यात घुसला की तो फाटतो, म्हणून उकळलेलं दूध आधी गाळून घ्यावं. गाळलं. तीच चरचर. तापमान परत मोजलं, कारण कोमट दूध सगळ्यात वाईट: साधारण 20 ते 40 अंशांच्या दरम्यान स्निग्धांश अर्धा घट्ट, अर्धा पातळ असतो आणि बुडबुडे टिकू देत नाही. पण काकूंचं दूध व्यवस्थित 62 वर होतं.

तेव्हा मी ते गार दूध चमचाभर चाखलं. आंबट अजिबात नव्हतं. गिळल्यावर मात्र घशाशी कडवट, जरा साबणासारखी चव रेंगाळली. तुपाचा जुना डबा उघडल्यावर येतो तसा पुसटसा खवट वासही होता.

"काकू, हे दूध घरी आल्यापासून काय काय केलंत ते सांगा बरं."

"काही नाही गं. काल संध्याकाळी भय्या देऊन गेला. आज वर्गाला न्यायचं म्हणून जरा कमी वाटलं, तर पिशवीतलं अर्धा लीटर त्यातच ओतलं आणि फ्रिजमध्ये ठेवलं. सकाळी सगळं एकदम उकळलं. नासलं नाही हो, मस्त साय आली."

तिथेच सापडलं. कच्च्या दुधात लायपेझ नावाचं विकर असतं, ते स्निग्धांश तोडून मोकळी आम्लं करतं. एरवी ते फारसं काही करू शकत नाही, कारण स्निग्धांशाच्या प्रत्येक कणाभोवती नैसर्गिक आवरण असतं. पिशवीवर होमोजिनाइज्ड लिहिलेलं असलं की ते दूध दाबाने बारीक छिद्रांतून काढलेलं असतं. त्यात कण फुटून बारीक होतात आणि मूळचं आवरण जातं. पाश्चरायझेशनमुळे पिशवीतल्या दुधाचं स्वतःचं लायपेझही संपलेलं असतं, त्यामुळे ते एकटं असताना धोका नसतो. पण काकूंनी उघडे पडलेले कण आणि कच्च्या दुधातलं जिवंत लायपेझ रात्रभर एकत्र ठेवलं. फ्रिजच्या थंडीत हे विकर मंदावतं, थांबत नाही. सकाळच्या उकळीने ते मेलं, पण तोवर सुटलेली आम्लं दुधातच राहिली. तीच आम्लं बुडबुड्याच्या पृष्ठभागावर प्रथिनांची जागा बळकावतात आणि फेस चरचरत बसतो.

"मग साय कशी आली?" एकाने विचारलं. सायीचा याच्याशी संबंध नाही, आणि नासण्याचाही नाही. दूध नासतं ते बहुधा जिवाणूंनी केलेल्या आंबटपणामुळे. हे बिघडणं वेगळ्या जातीचं, उकळताना कळत नाही. चहात साखर आणि आल्याखाली चवही लपते. फेस मात्र लपवत नाही. कच्चं दूध अर्धवट भरलेल्या किटलीत खड्ड्यांतून हिंदकळत आलं तरी आवरणं फाटून कमी प्रमाणात हेच घडतं.

काकूंना पटलं असं दिसलं नाही. "एवढ्याशा दुधानं?" म्हणत त्यांनी बरणीचं झाकण लावलं. उरलेल्या वेळात मी बरणीची युक्ती दाखवली: फ्रिजमधलं थंडगार दूध एक तृतीयांश बरणीत घालून अर्धा मिनिट जोरात हलवायचं, झाकण काढायचं आणि मायक्रोवेव्हमध्ये तीसेक सेकंद तापवायचं. गरम दूध बंद बरणीत कधीच हलवू नये, आतली हवा तापून फुगते आणि झाकण उडून हात भाजतो. रवीने फेस येतो, पण जाडाभरडा. सायीचं थंड दूध जास्त घुसळलं तर लोण्याचे कण तरंगायला लागतात, रवीचा स्वभावच तो.

पुढच्या आठवड्यात काकूंचा फोन आला. त्यांनी संध्याकाळीच गोठ्यावरचं दूध आल्याआल्या वेगळं उकळलं, गार झाल्यावर त्यातलं थोडं पिशवीच्या दुधात मिसळलं आणि दोन्ही रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली. सकाळी साय गाळून दोन्ही फेसाळली. "दोन्ही जमली गं," त्या म्हणाल्या, "पण माझं नुसतं गाईचं तुझ्या डबल टोन्डएवढं काही वर येत नाही."

"नाहीच येणार," मी म्हटलं. "चव कुठल्याची चांगली?"

"ते काय विचारायचं!"