पाया पडण्यापासून ‘हाय’पर्यंत

“पूर्वी वाकून नमस्कार करायचे, भरभरून आशीर्वाद मिळायचा. आता नुसतं ‘हाय’. हे नेमकं कधी बिघडलं?”

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: तोकड्या अभिवादनाची तक्रार निदान दोन हजार वर्षं जुनी आहे.

आधी जुना विधी पाहू. देवदत्त नावाचा शिष्य गुरूला भेटला की म्हणायचा, “अभिवादये देवदत्तोऽहं भोः”. म्हणजे वंदन, स्वतःचं नाव आणि शेवटी ‘भोः’, आपल्या ‘अहो’सारखी हाक. गुरूचं उत्तर असे, “आयुष्मानेधि देवदत्त३”. दीर्घायुषी हो. तो ‘३’ चुकून पडलेला नाही. नावाचा शेवटचा स्वर तीन मात्रा लांबवायचा, ही त्याची खूण आहे. ऱ्हस्वाची एक मात्रा, दीर्घाच्या दोन, आणि या ‘प्लुत’ स्वराच्या तीन. पाणिनीने त्यासाठी वेगळं सूत्रच दिलं आहे.

गडबड व्हायची ती इथेच. ज्याला उत्तरात स्वर लांबवता येत नाही, त्याला विधिवत अभिवादन करूच नये, असा एक जुना श्लोक पतंजलीने महाभाष्यात दिला आहे. प्रवासातून परतल्यावर अशा माणसाला नुसतं “अयम् अहम्”, म्हणजे “हा मी आलो”, म्हणावं. बायकांना म्हणतात तसं. व्याकरण का शिकावं, याचं एक कारणही पतंजली तिथेच देतो: आपल्याला कोणी बायकांसारखं अभिवादन करू नये म्हणून! ‘हाय’चा हा पूर्वज मला फार आवडतो, पण तो अपमान म्हणून वापरला जात होता हे विसरता येत नाही. पाणिनीच्या त्या सूत्रातही शूद्रांना वगळलेलं आहे. म्हणजे आशीर्वाद भरभरून मिळे, पण मोजक्यांनाच.

ही मोजदाद पुढेही चालू राहिली. पेशवाईत कोणी ‘नमस्कार’ म्हणावं आणि कोणी ‘रामराम’ किंवा ‘जोहार’, हे जातीवरून ठरे. 1779 मध्ये तर मुंबईत कंपनी सरकारने सोनारांना ‘नमस्कार’ म्हणण्याची मनाई केली. एका शब्दासाठी सरकारी हुकूम!

इंग्रजी ‘हाय’ मुळात आशीर्वाद नाहीच. ती लक्ष वेधण्याची हाक, ‘भोः’च्याच जातीची, अमेरिकेत ती भेटीचा शब्द झाली. तिच्यात समोरच्याची पायरी ओळखावी लागत नाही, हाच तिचा गुण. (मराठीत मात्र ‘हाय’ हा विव्हळण्याचाही शब्द आहे, त्यामुळे जुन्या कानांना तो खटकला तर नवल नाही.)

पण पायरी पूर्ण गेली असं समजू नका. सोसायटीच्या जिन्यात मुलं वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांना नुसतं ‘हाय’ म्हणत नाहीत, ‘हाय काका’ म्हणतात.