आमची वाटचाल: भाड्याचा फ्रीज, सुरीचं भोक आणि किमान मुदत

वाकडला आम्ही धंदा सुरू केला तेव्हा हिंजवडीत नोकरीला लागलेली पोरं चौघं मिळून टू-बीएचके घ्यायची आणि जमिनीवर गाद्या टाकून राहायची. फ्रीज घ्यावा तर बदली झाल्यावर त्याचं करायचं काय, हा प्रश्न. आमच्याकडे सुरुवातीला जुने पण धडधाकट फ्रीज, काही वॉशिंग मशीन आणि लोखंडी पलंग होते. सोबतीला भांडवल नव्हतं, पण काका होते. काका म्हणजे आमचे फ्रीज मिस्त्री, पिंपरीत आयुष्य घालवलेले. गेज, ब्रेझिंगचा टॉर्च, साबणाच्या फेसाची बाटली आणि गॅस मोजायचा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा, एवढ्यावर त्यांनी आमचा अर्धा धंदा उभा केला. भाड्याच्या धंद्यातला खरा प्रश्न काय, हेही मला त्यांनीच दाखवलं. वस्तू बिघडली की ती आपोआप बिघडली की वापरणाऱ्याने बिघडवली, हे ठरवायचं कसं आणि पैसे कुणी द्यायचे?

आमच्या भाड्यात काय येतं ते आधी सांगतो. घरपोच आणणं, जोडून देणं, मुदत संपल्यावर नेणं, आणि मधल्या काळात वस्तू तिच्या वयाने दमली तर दुरुस्ती. कंप्रेसर गेला, थर्मोस्टॅट गेला, मशीनचा ड्रेन पंप अडकला, सोफ्याचा फोम बसला, यातलं काहीही झालं तरी ग्राहकाने एक रुपया द्यायचा नाही. वाकड-ताथवड्यात टँकरचं जड पाणी येतं. मशीनच्या इनलेटच्या जाळीत क्षार साठतो आणि पाणी भरायला वेळ लागतो. ती जाळी काढून धुवायला आमचाच माणूस जातो, कारण पाणी जड आहे हा ग्राहकाचा गुन्हा नाही. भाड्यात काय येत नाही? जीएसटी वेगळा, आणि हाताने केलेलं नुकसान वेगळं.

हाताने केलेल्या नुकसानात सगळ्यात जास्त वेळा आमच्याकडे येतो तो सिंगल डोअर फ्रीजचा फ्रीजर. डिफ्रॉस्टचं बटण महिनोन् महिने कुणी दाबत नाही, बर्फाचा थर चढतो, मटणाची पिशवी चिकटून बसते आणि मग सुरी निघते. त्या फ्रीजरची पातळ अॅल्युमिनियमची भिंत हीच गॅस फिरायची जागा. दोन पत्रे एकमेकांवर दाबलेले आणि मध्ये नागमोडी नळी. सुरीचं टोक नळीत गेलं की फुस्स आवाज येतो आणि गॅस उडून जातो. घरगुती फ्रीजमध्ये गॅस असतो किती? नव्या फ्रीजमधला आर600ए साधारण 30 ते 60 ग्रॅम. कंप्रेसर मात्र चालूच राहतो, त्यामुळे ग्राहक फोनवर सांगतो की आवाज येतोय, पण गार होत नाही.

काका अशा फ्रीजसमोर बसले की आधी काही बोलत नसत. फ्रीजर पुसायचा, बॅटरी आडवी धरायची आणि गळती शोधायला साबणाचा फेस लावायचा. सुरीचं भोक चकचकीत असतं, कडा आत वळलेल्या असतात आणि बहुतेक वेळा भोकापर्यंत येणारा एक ओरखडा दिसतो. गंजून पडलेलं भोक निस्तेज असतं. त्याभोवती पांढरी भुकटी जमते आणि ते खालच्या कोपऱ्यात, जिथे पाणी साचतं तिथे, किंवा तांबं आणि अॅल्युमिनियम जोडलेल्या सांध्याजवळ सापडतं. पहिलं ग्राहकाच्या खात्यात, दुसरं आमच्या. काका हे ग्राहकाला शेजारी बसवून, त्याचं बोट धरून दाखवायचे. भोक स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर भांडण करणारा ग्राहक मला क्वचितच भेटला.

पैसे घेतानाही नियम साधा ठेवला. कॉइल, म्हणजे गॅस फिरणारी ती फ्रीजरची भिंत, बदलायचं जे बिल होईल तेवढंच, आणि वस्तू जुनी असेल तर त्यातही वयाप्रमाणे कपात. भारतीय करार कायदा 1872 चं कलम 151 सांगतं की दुसऱ्याची वस्तू ताब्यात असेल तर शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यायची. त्यापेक्षा जास्त अपेक्षा आम्ही कधी ठेवली नाही. बाजूच्या पत्र्यावर बारीक चरे, पलंगाच्या पायाला फरशीची घासट, सोफ्याच्या हाताचा फिका पडलेला रंग याला आम्ही झीज म्हणतो आणि झिजेचे पैसे भाड्यात येऊन गेलेले असतात.

आता ज्यांच्यामुळे हे लिहावंसं वाटलं त्यांच्याबद्दल. काही वर्षांनी आमच्या भागात एक मोठी अॅपवाली कंपनी उतरली. नाव घेत नाही. डिपॉझिट शून्य, घर बदललं तर सामान हलवणं फुकट, आणि भाडं आमच्या खरेदीलाही परवडणार नाही इतकं कमी. आमच्या दोन फिटर पोरांना त्यांनी दुप्पट पगारावर नेलं. ग्राहक गेले याचं दुःख नाही, स्वस्त मिळालं तर माणूस जाणारच. राग आहे तो सामान परत घेताना त्यांनी जे केलं त्याचा. गाडीवर येणारा पोरगा मोबाइलवर फ्रीजच्या चऱ्याचा फोटो काढायचा, 'डॅमेज'वर खूण करायचा आणि निघून जायचा. आठवड्याने ग्राहकाला जवळजवळ नव्या वस्तूच्या किमतीचा मेसेज. भोक कुणी पाहिलं नाही, फेस कुणी लावला नाही. त्यानंतर आमच्याकडे येणारा प्रत्येक नवा ग्राहक पहिल्या फोनला विचारायचा, "तुम्हीपण शेवटी कापणार ना?" वर्षानुवर्षं कमावलेला विश्वास दुसऱ्याने संपवला आणि त्याचा जाब आम्ही देत बसलो. ती खंत अजून गेलेली नाही.

किमान मुदतीबद्दलही असाच संशय पसरला, म्हणून हिशेब मांडूनच दाखवतो. टॉप लोड मशीन, तीन महिन्यांच्या योजनेत भाडं 850 रुपये, बारा महिन्यांच्या योजनेत 600. मशीन पोचवायला छोटा हत्ती, दोन माणसं आणि नळ-पाइप जोडणं धरून 1,200 जातात. परत आणायला 1,000, आणि पुढच्या घरी देण्याआधी धुणं-तपासणं 500. म्हणजे मशीन एकदा हललं की 2,700 गेले. 850च्या भाड्याने हे भरून निघायलाच तीन महिन्यांहून थोडं जास्त लागतं, मशीनच्या किमतीचा आणि बँकेच्या व्याजाचा तर अजून विचारच केलेला नाही. तीन महिन्यांच्या आतलं भाडं आम्ही का देत नाही, याचं उत्तर एवढंच आहे.

आता बारा महिन्यांवर घेतलेलं मशीन कुणी पाचव्या महिन्यात परत केलं, तर काय? आम्ही दोन दरांमधला फरक लावतो. 250 गुणिले 5, म्हणजे 1,250, वर जीएसटी. त्याने सवलतीचा जेवढा फायदा घेतला तेवढाच परत द्यायचा. उरलेल्या सातही महिन्यांचं भाडं मागणारे लोक आहेत. त्याच करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी भरपाई वाजवी असेल तेवढीच मिळते, त्या आकड्यापर्यंत. पण 4,200 रुपयांसाठी कोर्टाची पायरी चढतो कोण? म्हणून सही करण्याआधी एकच गोष्ट विचारा: मध्येच सोडलं तर पैसे कसे मोजणार? गुणाकार करून दाखवता येत नसेल तर घेऊ नका. आणि सामान घरात आल्याच्या दिवशीच फ्रीजरच्या आतला, गादीच्या दोन्ही बाजूंचा, पलंगाच्या खालचा व्हिडिओ काढून दुकानदाराला पाठवून ठेवा.

मग 2020 आलं. 24 मार्चच्या रात्री लॉकडाऊन लागला आणि दोन-तीन महिन्यांत निम्म्याहून जास्त पोरं लॅपटॉप घेऊन गावी गेली. फ्लॅटला कुलूप, आत आमचे फ्रीज. सोसायट्या टेम्पो आत सोडत नव्हत्या. फोन एकच, "आम्ही राहत नाही, भाडं बंद करा." रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली, पण व्याज चढतच होतं. त्या मोठ्या कंपनीने सामान प्रत्यक्ष उचलेपर्यंत भाडं चालू ठेवलं आणि लोकांच्या खात्यातून पैसे आपोआप कापले जात राहिले. आम्ही उलट ठरवलं. ग्राहकाने 'घेऊन जा' असा मेसेज केला त्या तारखेला भाडं थांबलं. आमचा टेम्पो गेटवर अडला तर त्याचा भुर्दंड त्याच्यावर का? या निर्णयाने आमची कंबर मोडली. घरातलं सोनं बँकेत गेलं.

त्या दिवसांत लातूरच्या एका ताईंनी जे केलं ते विसरता येणार नाही. अगदी सुरुवातीपासून त्यांच्याकडे आमचा एकच फ्रीज. फ्लॅट बंद, त्या गावी, आणि दर महिन्याच्या पाच तारखेला भाडं जमा. मी फोन करून म्हटलं, ताई, थांबवा, मेसेज टाका. त्या म्हणाल्या, "दादा, फ्रीज माझ्याच घरात आहे ना? मग भाडं माझंच." तो फ्रीज आजही त्यांच्याकडे आहे. कंप्रेसर एकदा बदलला, अर्थात आमच्या खर्चाने.

3 जूनला निसर्ग वादळ आलं. पुण्यात त्या दिवशी वारा आणि पाऊस दोन्ही झाले आणि ताथवड्याच्या आमच्या गोदामाचे पत्रे उडाले. सोसायट्यांतून नुकतंच सुटून आलेलं सामान आत रचलेलं होतं. लोखंडी आणि शिसवी पलंगांना काही झालं नाही, पुसले आणि वाळवले. पार्टिकल बोर्डची टेबलं आणि कपाटं मात्र कडांना फुगली, फळ्या जोडणाऱ्या मिनीफिक्सची भोकं सैल झाली, स्क्रू धरेना. हा माल कोरड्या घरातही दोन-तीनदा सोडून जोडला की सैल होतोच, पावसाने ते एका रात्रीत केलं. तेव्हापासून पलंगाच्या बाजू आणि टेबलाचे वरचे फळे प्लायचेच घेतो. भाडं थोडं जास्त पडतं, पण तेच सामान चौथ्या घरीही घट्ट उभं राहतं. या धंद्यात नव्याने उतरणाऱ्यांनी खरेदी करताना किंमत बघू नये, ती वस्तू किती वेळा सोडून जोडता येईल ते बघावं.

पुढच्या काही वर्षांत आम्ही परत उभे राहिलो. त्या कंपनीने आमच्या भागातलं गोदाम बंद केलं आणि दोन फिटरांपैकी एक परत आला. काकांची नजर आता साथ देत नाही, पण त्यांचा काटा आणि गेज दुकानात रोज वापरात आहेत.

उन्हाळा आला की एसीवरून वाद होतो. लोकांना एप्रिल-मेपुरताच हवा असतो. विंडो एसी आम्ही तीन महिन्यांवर देतो, कारण तो खिडकीत बसतो आणि काढताना गॅसला हात लावावा लागत नाही. स्प्लिटला भिंतीला भोक, तांब्याचा पाइप, बाहेरचा स्टँड आणि काढताना सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घ्यावा लागतो. घाईत काढला तर गॅस जातो. त्यामुळे स्प्लिटची किमान मुदत आमच्याकडे आठ महिने आहे, आणि ओळखीचा माणूस आला तरी ती कमी होणार नाही.