साचलेल्या पाण्यानंतर कपाशीतलं नत्र शोधताना

परभणी जिल्ह्यात आमचं रान भारी काळ्या मातीचं. सप्टेंबरातल्या मोठ्या पावसानंतर खालच्या बाजूला पाणी साचून राहिलं आणि तिथल्या कपाशीची जुनी पानं पिवळी पडली. एकरी एक गोणी युरिया दोन्हीकडे सारखाच दिला होता, तोही पावसाच्या बराच आधी. म्हणजे जिवाणूंना त्यावर काम करायला पुरेसा वेळ मिळाला होता.

युरियाचं आधी अमोनियम होतं. नायट्रोसोस्पायरासारखे जिवाणू आणि काही आर्किया त्याचं नायट्राइट करतात, नायट्रोस्पायरा आणि नायट्रोबॅक्टर पुढे नायट्रेट करतात. या कामाला हवा लागते. पाणी साचलं की मातीतला ऑक्सिजन संपतो, मग स्यूडोमोनाससारखे जिवाणू श्वसनासाठी नायट्रेटचाच ऑक्सिजन घेतात आणि नत्र नायट्रस ऑक्साइड व नायट्रोजन वायू होऊन उडून जातं. अमोनियमला हा धोका थेट नाही. म्हणून पाऊस युरियानंतर किती दिवसांनी आला, यावर बरंच ठरतं.

पण पिवळेपणा मुळं गुदमरल्यानेही येतो, त्यामुळे खात्री हवी होती. नेहमीच्या माती परीक्षणातल्या ‘उपलब्ध नत्र’ आकड्याने इथे भागत नाही. पोटॅशियम परमँगनेटच्या त्या पद्धतीत नायट्रेट जवळजवळ मोजलंच जात नाही. मी नायट्रेट आणि अमोनियम वेगळं मोजून मागितलं. माती ओली आणि उबदार राहिली तर पिशवीतही जिवाणूंचं काम चालू राहतं, म्हणून नमुने बर्फावर ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवले. दोन्ही बाजूंचे, वरच्या १५ सेंटिमीटर थराचे आणि त्याखाली ६० सेंटिमीटरपर्यंतचेही.

वरच्या थरात उंच बाजूला नायट्रेट-नत्र १९ पीपीएम आलं, सखल बाजूला ६. अमोनियम दोन्हीकडे सारखंच. एकरातली १५ सेंटिमीटर माती साधारण ८ लाख किलो भरते, म्हणजे १ पीपीएम म्हणजे ०.८ किलो. फरक निघाला सुमारे १० किलो नत्राचा, ४५ किलोच्या गोणीत असलेल्या २०.७ किलोच्या निम्मा! खालच्या थरांत नायट्रेट वाढलेलं नव्हतं. ते खाली झिरपलं असतं तर तिथे दिसलं असतं. फुगलेल्या काळ्या मातीतून पाणी तसंही फार हळू उतरतं. बहुतेक नत्र हवेतच गेलं, असं मी धरलं.

आधी चर काढून पाणी वाटेला लावलं. ओल्या रानात युरिया टाकायची घाई मला मान्य नव्हती, कारण मुळंच काम करत नसताना खत कोण घेणार? तोवर पिकाला तग धरायला १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरियाची फवारणी केली. वापसा आल्यावर फक्त सखल पट्ट्यात एकरी अर्धी गोणी ओळीच्या बाजूला देऊन लगेच मातीआड केली. आमची माती विम्लधर्मी आहे, उघड्या युरियातलं नत्र तिथे अमोनिया होऊनही उडतं. नवी पानं हिरवी निघाली. आधी पिवळी पडलेली मात्र गळालीच.