तुम्ही विचारलंत म्हणून: अंगठा आणि होकार

“गाड्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुम्हीच स्मायली टाकता आणि तारीख-वेळेसाठी तुम्हीच सगळ्यांच्या मागे लागता. नेमकं काय पाहिजे तुम्हाला?”

मला दोन्ही पाहिजे, आणि त्यात विसंगती आहे असे मला वाटत नाही. दिवसभर उन्हात हमालांकडून गठ्ठे चढवून घेणाऱ्या मुकादमाला “गाडी कधी भरणार?” एवढेच लिहिले, तर ते जाब विचारल्यासारखे वाटते, त्यापुढे 🙂 असले की तोच प्रश्न चौकशी होतो. चिन्हाचे काम एवढेच. दिवस, तास, नग आणि होकार या चार गोष्टी मात्र अक्षरांत आणि अंकांतच आल्या पाहिजेत, यावर मी अडून बसतो, आणि त्यामागे एक गाडी आहे.

टॉवेलचे गठ्ठे शुक्रवारी सायंकाळी सहापर्यंत न्हावा शेव्याच्या गोदामात पोहोचायचे होते. सोलापूरहून अंतर सुमारे ४०० किलोमीटर, भरलेल्या ट्रकला वाटेतले थांबे धरून दहा-बारा तास लागतात. म्हणून गुरुवारी मध्यरात्र उलटताच गाडी भरायला घ्यायची, असे ऑफिसात ठरले होते. ग्रुपवर निरोप गेला तो असा: “शुक्रवारी रात्री १२.३० ला गाडी लावा 🚚🙏”. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने मध्यरात्रीनंतर शुक्रवार सुरू होत होता. ट्रान्सपोर्टवाल्यांच्या दृष्टीने शुक्रवारची रात्र म्हणजे शुक्रवारचा दिवस मावळल्यानंतरची रात्र, आणि बोलण्यात आपण सगळे तसेच म्हणतो. त्यांनी निरोपावर 👍 ठेवला. आम्ही तो होकार समजलो. त्यांनी तो “पाहिले” एवढ्या अर्थाने ठेवला होता, आणि ड्रायव्हरला कळवायला अजून अख्खा दिवस आहे अशी त्यांची समजूत होती. गुरुवारी रात्री हमाल गोदामाच्या दारात बसून राहिले, मुकादम दर अर्ध्या तासाने फोन करत राहिले, आणि ट्रान्सपोर्टवाल्यांचा फोन पहाटेपर्यंत उचलला गेला नाही. सकाळी मिळेल ती दुसरी गाडी जास्त भाड्याने घेतली. ती सायंकाळी सहानंतर पोहोचली आणि माल पुढच्या जहाजावर गेला.

मालकांनी सगळा दोष चिन्हांवर टाकला आणि ग्रुपवर स्मायली बंद करण्याचा हुकूम काढला. ते मला तेव्हाही पटले नाही. त्या निरोपातून 🚚 आणि 🙏 काढून टाकले, तरी गोंधळ तसाच राहतो. परिणाम उलटाच झाला: ग्रुप नोटिशीच्या फळ्यासारखा कोरडा पडला, आणि गाडीला उशीर होणार हे आधी सहज सांगणारी माणसे ते शेवटच्या घटकेपर्यंत दाबून ठेवू लागली. हुकूम कुणी मागे घेतला नाही, तो आपोआप विरला.

आता निरोप असा जातो: “शुक्रवार १३ तारीख, पहाटे ००:३० (म्हणजे गुरुवारी झोपायच्या वेळी). गाडी नंबर आणि वेळ लिहून कळवा 🙂”. उत्तरात वेळ पुन्हा लिहिलेली नसेल, तर गाडी ठरली असे आम्ही धरत नाही. नुसत्या अंगठ्याची आणखी एक अडचण आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोपावर ठेवलेल्या चिन्हाची सूचना निरोप लिहिणाऱ्यालाच जाते. मुकादमाला ती मिळतच नाही. वेळ बदलली तर जुना निरोप दुरुस्त करायचा नाही, हेही ठरलेले आहे, कारण पंधरा मिनिटांत तो दुरुस्त करता येत असला तरी दुरुस्तीची नवी सूचना कुणाला जात नाही. नवा निरोप लिहायचा आणि त्यात “आधीची वेळ रद्द” असे म्हणायचे.

पूर्वी मीच म्हणत असे की आपल्या माणसांत एवढे लेखी कशाला. त्या मताला उत्तर द्यायला बसलो, की ते पूर्ण खोडता येत नाही. कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात २०२३ साली न्यायालयाने जवसाच्या सौद्यात करारावरील 👍 संमती म्हणून मान्य केला, आणि त्यामागे एक कारण असे होते की त्याच दोघांमध्ये पूर्वी असेच एक-दोन शब्दांचे होकार चालत आले होते. म्हणजे नेहमीच्या माणसाचा अंगठा होकार असू शकतो. पण तो कशाला होकार आहे हे मूळ निरोपातच धूसर असेल, तर जुनी ओळख काय करणार? आणि “गाडी नाही 🙏” मधला नमस्कार माफी समजायचा की पुन्हा विचारू नका असे समजायचे, यावर आमच्या ऑफिसात अजून दोन मते आहेत.

आमचे मुकादम अण्णा मात्र टाइप करत नाहीत आणि करणारही नाहीत. त्यांना मी फोन करतो, वेळ त्यांच्या तोंडून वदवून घेतो आणि ती मीच ग्रुपवर लिहितो. त्यावर ते 👍 ठेवतात, आणि तो मी होकार धरतो.