डायऱ्यांचा प्रयोग, भाग 6: 'जुनी मोटर' नेमकी कोणती?

बाबांच्या शेतीच्या डायऱ्या एआय भाषा-मॉडेलला वाचायला देऊन त्यांवर प्रश्न विचारायचे, असा हा प्रयोग. मागच्या भागात लिहिलं होतं की 1991 ते 2014च्या डायऱ्या टाइप करून संपल्या. भाचीने अर्ध्याहून जास्त टाइप केल्या, कारण फोटोवरून अक्षर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला बाबांचा 'ळ' काही केल्या समजेना. एकूण सव्वा लाखाच्या आसपास शब्द. देवनागरी शब्दाचे तुकडे जास्त पडतात, त्यामुळे टोकन, म्हणजे मॉडेल वाचतं ते तुकडे, झाले 4 लाख 10 हजार. मॉडेल एका वेळी जेवढं समोर ठेवू शकतं ती विंडो दहा लाखांची, म्हणजे तिच्यात सगळ्या डायऱ्या एकाच वेळी मावतात. त्या दिवशी घरात सगळ्यांना पेढे वाटले.

आधी नेहमीची सुई-गंजीची चाचणी: ढिगात लपवलेली एक ओळ मॉडेलला सापडते का. 'लाल पान्याची पेटी कोठ्यात ठेवली' ही बनावट ओळ मी वीस ठिकाणी आलटून पालटून टाकली. वीसच्या वीस वेळा सापडली. मग खरा प्रश्न लावला: डायऱ्या संपतात तेव्हा नाल्यावरच्या विहिरीवर जी मोटर होती, तिचं शेवटचं रिवाइंडिंग कधी झालं?

दहापैकी सात वेळा उत्तर आलं 2003. चूक.

नोंदी अशा आहेत. 1994 मध्ये तीन एचपीची मोटर घेतली. 2001 मध्ये पाच एचपीची आली, ती 'नवी' झाली आणि तीनची 'जुनी'. 2003 मध्ये लिहिलंय, 'नाल्यावरची जुनी मोटर रिवाइंड केली.' 2009 मध्ये तीनची भंगारात गेली, घरच्या विहिरीवर साडेसातची बसली आणि पाचची नाल्यावर आली. तिथून पुढे पाचचीच 'जुनी' म्हणून येते. एप्रिल 2013ची नोंद एवढीच: 'जुनी जळाली, रिवाइंड करून बसवली.' विहिरीचं नाव नाही. बरोबर उत्तर हेच.

आधी वाटलं, 2009ची नोंद पसाऱ्यात दबली असेल. ती डायरी सगळ्यात शेवटी, प्रश्नाला लागून ठेवली. तरी सहा वेळा 2003. मग बाकी सगळं काढून फक्त 2003, 2009 आणि 2013 या तीन नोंदी दिल्या. दहाच्या दहा बरोबर! म्हणजे तर्क जमतो. चार लाख टोकन समोर असले की मात्र प्रश्नातल्या शब्दांशी हुबेहूब जुळणारी 2003ची ओळ जिंकते, आणि 2009 मध्ये शब्दाचा अर्थ बदलला हे पुढे नेलं जात नाही. सुईची चाचणी हे दाखवूच शकत नाही, कारण सुईचा अर्थ कधी बदलत नाही.

संध्याकाळी बाबांना विचारलं. "ते पाच एचपी ना, घरच्या विहिरीवरून नेलेली? पऱ्हाटी उपटून झाल्यावर जळाली होती, उन्हाळा होता," ते म्हणाले. वर्ष त्यांना सांगता आलं नाही, पण मोटर कोणती याबद्दल क्षणभरही शंका नव्हती.

मला आता हे स्पष्ट दिसतं: दहा लाख टोकन ही मोठी वहीच आहे. वाचताना प्रत्येक टोकनची नोंद केव्ही कॅश या तात्पुरत्या स्मृतीत राहते, पण मॉडेलचे वेट्स, म्हणजे त्याने शिकून साठवलेले आकडे, तसूभरही हलत नाहीत. मी मोटरींचा हिशेब समजावून सांगितला, तेव्हा त्या सत्रात उत्तर बरोबर आलं. दुसऱ्या दिवशी नवं सत्र उघडलं की पुन्हा 2003. प्रॉम्प्ट कॅशिंगने तेच तेच वाचायचा खर्च वाचतो, वही तीच राहते. आणि वही जड आहे. लामा 3.1च्या 8 अब्जांच्या मॉडेलमध्ये 32 थर, प्रत्येकात 8 केव्ही हेड, 128 मापाचे, 16 बिटमध्ये: की आणि व्हॅल्यू मिळून एका टोकनला 128 केबी. माझ्या डायऱ्यांच्या लांबीला 54 जीबी, दहा लाखांना 131 जीबी. माझं ग्राफिक्स कार्ड 12 जीबीचं, म्हणून हे सगळं भाड्याच्या मॉडेलवर करावं लागतंय.

मग वेगळी वाट धरली. एकेक वर्ष वाचायला द्यायचं आणि शेवटी अर्ध्या पानाचं 'सध्याची स्थिती' लिहून घ्यायचं: कोणती विहीर, कोणती मोटर, कोणत्या वावरात काय. पुढच्या वर्षी ते पान आणि नवी डायरी एवढंच समोर. 2009चं पान वाचून मी जागेवरून उठले: 'जुनी म्हणजे आता पाच एचपी.' मूळ प्रश्न दहापैकी नऊ वेळा बरोबर.

पण 2011च्या पानातून धुऱ्यावरच्या दोन आंब्यांची नोंद गळली. त्या वर्षी त्यांच्याबद्दल काही घडलं नव्हतं, म्हणून पुढे गेलीच नाही. 2012 मध्ये एक आंबा वठला तेव्हा तो कुठला हे सापडेना. हे लिहिता लिहिता सुचतंय: स्थितीच्या पानावर प्रत्येक ओळीपुढे मूळ नोंदीची तारीख हवी, आणि ओळ खोडायची तर कारणाची तारीखही. म्हणजे पान चुकलं तरी डायरीत परत जाता येईल. तेव्हा विंडो चार लाखांची लागणार नाही, वीस हजारांत भागेल, आणि तेवढं माझ्या कार्डवर बसतं. भाड्याचं मॉडेल या महिन्यात बंद करते. 1991पासून पुन्हा सुरुवात, आंब्यांसकट.