कंपनीच्या याचिकेत दुसरं नाव माझं का टाकलं - माझा अनुभव

हिंगणा रोडला आमचं मसाल्याचं गोदाम आहे, खरेदीखत आमच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावावर. एका खात्याने ना नोटीस दिली ना म्हणणं ऐकलं, थेट लायसन रद्द केलं आणि गोदामाला सील ठोकलं, आत माल तसाच. मी हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठातल्या एका वकील मॅडमकडे गेलो आणि म्हटलं, मॅडम माझं गोदाम बंद केलं हो.

मॅडम म्हणाल्या, भाऊ गोदाम कंपनीचं आहे, तुम्ही डायरेक्टर असा की सगळे शेअर तुमचे असोत, मालमत्ता कंपनीचीच, म्हणून याचिकाकर्ता क्रमांक 1 कंपनी. कंपनी तर सही करू शकत नाही, म्हणून बोर्डाची मीटिंग घेऊन ठराव केला की अमुक डायरेक्टरला याचिका दाखल करायचा, सही करायचा आणि प्रतिज्ञापत्र द्यायचा अधिकार दिला आहे, आणि त्याची प्रमाणित प्रत याचिकेला जोडली. हा कागद नसला तर समोरचा वकील मूळ मुद्दा बाजूलाच ठेवतो आणि सही करणारा हा कोण इथूनच सुरू करतो.

मग मॅडमनी क्रमांक 2 वर माझं नाव टाकलं, डायरेक्टर, शेअरहोल्डर आणि भारतीय नागरिक म्हणून. मी विचारलं कंपनी आहे ना, मग मी कशाला? तेव्हा त्यांनी राज्यघटना उघडून दाखवली. अनुच्छेद 14 मध्ये शब्द आहे ‘व्यक्ती’, 300-क मध्येही व्यक्तीच, म्हणजे समान वागणूक आणि कायद्याशिवाय मालमत्ता हिरावून न घेणं हे दोन्ही कंपनीला स्वतःच्या नावाने मागता येतं. पण धंदा करायचं स्वातंत्र्य अनुच्छेद 19 मध्ये आहे आणि तिथे शब्द ‘नागरिक’ आहे. कंपनी नागरिक नाही हे सुप्रीम कोर्टाने 1963 मध्येच स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या केसमध्ये सांगून टाकलंय, सगळे शेअर भारतीयांचे असले तरी. पुढे 1970 च्या बँक राष्ट्रीयीकरणाच्या केसमध्ये आर. सी. कूपर हे शेअरहोल्डर स्वतः कोर्टात गेले, आणि कोर्टाने मान्य केलं की कंपनीवर घाव घालताना शेअरहोल्डरच्या हक्कालाही धक्का लागत असेल तर तो दाद मागू शकतो. म्हणून माझं नाव. एकटी कंपनी असती तर 19 च्या मुद्द्यावर सरकारी वकिलाने लगेच बोट ठेवलं असतं, आणि एकटा मी असतो तर गोदाम तुमचं कुठे म्हणून विचारलं असतं.

सुनावणीत 19 पर्यंत गाडी गेलीच नाही. म्हणणं न ऐकता लायसन रद्द केलं एवढ्यावरच कोर्टाने आदेश बाजूला ठेवला, सील काढायला लावलं आणि खात्याला सांगितलं की आधी कंपनीला कारणासकट नोटीस द्या, ऐका, मग नव्याने निर्णय घ्या. म्हणजे लायसनचा प्रश्न अजून उभाच आहे. नोटीस आली, कंपनीच्या नावाने, आणि उत्तर द्यायला आम्ही परत ठराव केला कारण आधीचा फक्त याचिकेपुरता होता.